गाडी खोलल्यावर बिल का वाढतं?

आज आपण गॅरेजच्या बिलाबद्दल बोलणार आहोत. आपल्या गटांमधल्या बऱ्याच जणी आता स्कूटीवरून माल पोचवतात. गाडी बिघडली की धंदा थांबतो आणि त्यात बिल फुगलं तर गटाचा हप्ताही अडकतो.

बदलापूरजवळच्या मूळगावच्या आमच्या एक ताई अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत डबे देतात. त्यांची स्कूटी चढावर ओढेना, नुसता आवाज करायची. गॅरेजवाल्याने सांगितलं, बेल्ट आणि रोलर गेलेत. बेल्टचे ७५०, रोलरचे २५० आणि मजुरी ४००, म्हणजे १,४०० रुपये. संध्याकाळी बिल हातात आलं ते ३,४८१ रुपयांचं. ताईंकडे तेवढे पैसे नव्हते. गाडी गॅरेजमध्येच राहिली आणि दुसऱ्या दिवशीचे डबे रिक्षाने गेले.

आम्ही गटात ते बिल समोर ठेवून एकेक ओळ वाचली. क्लच शू १,१५० रुपये, त्याची मजुरी आणखी ४००, आणि सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी ५३१ रुपये.

आता क्लच शू आधी का सांगितला नाही? ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. गिअर नसलेल्या स्कूटीचा बेल्ट, रोलर आणि क्लच हे तिन्ही डाव्या बाजूच्या एकाच झाकणाच्या आत असतात. ते झाकण उघडेपर्यंत मेकॅनिकला फक्त आवाजावरून अंदाज करता येतो. त्यामुळे आत आणखी काही निघणं ही लबाडीच असते असं नाही. ताईंनी जुना क्लच शू मागून घेतला होता, म्हणून बरं झालं. त्याचं अस्तर खरंच झिजून आतलं लोखंड दिसत होतं. पार्ट बदलणं गरजेचं होतं. चूक होती ती न विचारता बदलण्याची.

मजुरीचं मात्र वेगळं आहे. झाकण उघडणं, बेल्ट काढणं आणि परत बसवणं याचे ४०० आधीच धरले होते. क्लच शूसाठी तेच झाकण दुसऱ्यांदा उघडलं गेलं नाही. स्प्रिंग दाबून क्लचचा मोठा नट काढायचा, एवढंच काम वाढलं. त्याचे १५० मागितले असते तर आम्ही काही बोललो नसतो. पार्ट दोन असले तरी खोलाखोल एकदाच झाली, हे बिलात नेहमी शोधावं.

तिसरी गोष्ट कराची. पार्टच्या पाकिटावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यावर पुन्हा जीएसटी लागत नाही. आणि ज्या बिलावर जीएसटी नंबरच नाही, ते गॅरेज मजुरीवरही जीएसटी घेऊ शकत नाही. ताईंच्या बिलावर नंबर नव्हता. पाकिटं मागून पाहिली, तर लावलेले भाव एमआरपीचेच होते. म्हणजे पार्टचे २,१५० आणि मजुरीचे ५५० मिळून २,७०० रुपये होतात. हे आकडे घेऊन आम्ही दोघी-तिघी गेलो, शांतपणे बोललो, आणि गॅरेजवाल्याने २,७०० घेतले. भांडून गेलो असतो तर बहुधा जमलं नसतं.

आता आमच्या गटातल्या बायका गाडी देतानाच सांगतात, "दादा, आधी खोलून बघा. खोलायची मजुरी किती ते आत्ताच सांगा. १,४०० च्या वर काही निघालं तर फोटो पाठवा. मी हो लिहिल्याशिवाय पार्ट घालू नका, आणि जुने पार्ट मला परत द्या." हेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं, कारण नुसतं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. फोटो आला की तीन गोष्टी विचारायच्या: पार्टची किंमत किती, मजुरी किती वाढणार, आणि आत्ता नाही केलं तर गाडी किती दिवस चालेल. ब्रेकचं काम असेल तर मात्र पुढे ढकलू नका. नको म्हटलंत तरी तोवर झालेल्या खोलाईचे पैसे द्यावेच लागतात.

बिल पटत नाही म्हणून गाडी तशीच घेऊन निघू नका. केलेल्या कामाचे रास्त पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने कारागिराला दिलेला आहे. गाडीवाचून अडत असेल तर पैसे भरा, पण बिलावर "वाढीव कामाला संमती नव्हती, हरकत ठेवून पैसे दिले" असं लिहून फोटो काढा. गॅरेज बिलच देत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.