साप्ताहिक अहवालाचा साचा: चार ओळी पुरतात

टीमच्या साप्ताहिक अहवालाचा साचा वाचणाऱ्याच्या प्रश्नांवरून बांधावा. काम वेळेत आहे का, काय झालं, पुढे काय आणि माझ्याकडून काय हवंय, एवढंच त्याला कळायला हवं असतं. म्हणून चार ओळी, दर आठवड्याला त्याच क्रमाने: स्थिती, झालं, पुढे, अडलंय.

स्थितीच्या रंगांचा अर्थ साच्यातच छापून ठेवा. हिरवा म्हणजे ठरल्या तारखेला काम होईल. पिवळा म्हणजे तारीख धोक्यात आहे, पण टीम स्वतः सावरेल. लाल म्हणजे बाहेरच्या मदतीशिवाय तारीख चुकणार. हे ठरलेलं नसलं की अहवाल महिनाभर हिरवा राहतो आणि शेवटी एकदम लाल होतो. रंगाशेजारी शब्दही लिहा, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

खरा कस लागतो तो ‘अडलंय’मध्ये. ‘बँकेकडे पाठपुरावा सुरू आहे’ या वाक्यावर कुणीच हलत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘पेमेंट चाचणीसाठी बँकेचं टेस्ट खातं मिळालेलं नाही. लेखा विभागाने गुरुवारपर्यंत पत्र द्यावं, नाहीतर चाचणी आठवडाभर पुढे जाईल.’ यात काय हवं, कुणाकडून, कधीपर्यंत आणि नाही मिळालं तर काय, सगळं आलं.

भरताना कोरा साचा घेऊ नका. मागच्या आठवड्याची प्रत काढा आणि ‘पुढे’मधलं जे पूर्ण झालं ते ‘झालं’मध्ये हलवा. उरलेलं तिथेच राहू द्या. एकच काम सलग तीन आठवडे ‘पुढे’मध्ये दिसलं, तर ते ‘अडलंय’मध्ये टाका.