अणू जुळले, प्रभार चुकला

बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये एक समीकरण असे लिहिलेले सापडते:

MnO₄⁻ + Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + Fe³⁺ + 4H₂O

ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण, खाली कॉनिकल फ्लास्कमध्ये लोहाच्या क्षाराचे आम्लयुक्त द्रावण. जांभळा थेंब खाली पडतो आणि पडताक्षणी विरतो. या टायट्रेशनमध्ये नेमके काय घडते, ते विद्यार्थ्याने एका ओळीत मांडले आहे. जर्नल तपासणारे शिक्षक आधी अणू मोजतात. मँगनीज डावीकडे १, उजवीकडे १. लोहही १ आणि १. परमँगनेटमधले ऑक्सिजन ४, चार पाण्यांमधलेही ४. हायड्रोजन दोन्हीकडे ८. दहावीपर्यंतच्या सवयीने पाहिले तर इथे बरोबरची खूण करून पान उलटायला हरकत नाही.

तरीही समीकरण चूक आहे. ही चूक कळण्यासाठी आणखी एक बेरीज करावी लागते: विद्युतप्रभाराची.

ही बेरीज करताना प्रत्येक आयनाचा प्रभार त्याच्या पुढच्या सहगुणकाने गुणायचा आणि मग चिन्हांसह सगळे एकत्र करायचे. डावीकडे परमँगनेटचा −१, लोहाचा +२ आणि आठ हायड्रोजन आयनांचा +८. एकूण +९. उजवीकडे मँगनीजचा +२ आणि लोहाचा +३, म्हणजे +५. पाण्याच्या रेणूवर निव्वळ प्रभार नसतो, म्हणून चार पाण्यांची भर शून्य. ९ आणि ५ यांत चारचे अंतर पडले. अभिक्रियेत अणू नाहीसे होत नाहीत, तसा प्रभारही नाहीसा होत नाही. मग चार धन प्रभार गेले कुठे?

इथे एक गैरसमज हमखास आडवा येतो. काही विद्यार्थी दोन्ही बाजूंची बेरीज शून्य यावी म्हणून धडपडतात. तशी अट नाही. बाटलीतले द्रावण एकूण उदासीन असते हे खरे, पण आयनिक समीकरणात बाटलीतले सगळे आयन लिहिलेलेच नसतात. म्हणून बेरीज +१७ आली तरी चालते, फक्त ती दोन्हीकडे +१७ हवी. दुसरी नेहमीची चूक गुणाकाराची. 8H⁺ पाहून नजर वरच्या एकट्या अधिक चिन्हावर थांबते आणि आठच्या जागी एकच मोजला जातो. म्हणून जर्नल तपासताना प्रत्येक पदाखाली पेन्सिलीने त्याचा एकूण प्रभार लिहिणे सोयीचे पडते. तोंडी बेरीज इथे फसवते.

प्रभार जुळत नाही हे कळल्यावर विद्यार्थी पहिली दुरुस्ती बहुधा हायड्रोजनमध्ये करतात. 8H⁺ खोडून 4H⁺ लिहिले की डावीकडे −१, +२ आणि +४ मिळून +५ होतात आणि प्रभार चटकन जुळतो. पण आता डावीकडे हायड्रोजन चार आणि उजवीकडच्या पाण्यात आठ. एक ताळा जमवताना दुसरा मोडला. म्हणून कोणताही सहगुणक बदलला की अणू आणि प्रभार हे दोन्ही ताळे पहिल्यापासून पुन्हा करावे लागतात, आधी जुळलेलेसुद्धा.

हायड्रोजनला हात लावता येत नाही, कारण परमँगनेटमधल्या चार ऑक्सिजनांचे पाणी व्हायला आठ हायड्रोजन लागतातच. मँगनीजही दोन्हीकडे एकच आहे. मोकळे राहते ते फक्त लोह. डावीकडे एक Fe²⁺ वाढवला की तिथली बेरीज दोनने वाढते, आणि त्याच्या जोडीला उजवीकडे एक Fe³⁺ वाढवला की तिथली तीनने वाढते. म्हणजे लोहाच्या प्रत्येक जोडीमागे अंतर एकने घटते. चारचे अंतर मिटवायला आणखी चार जोड्या हव्यात. आधीची एक धरून पाच:

MnO₄⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H₂O

आता डावीकडे −१, +१० आणि +८, म्हणजे +१७. उजवीकडे +२ आणि +१५, तेही +१७. अणूंचा ताळा पुन्हा केला तर तोही जुळतो.

या पाचामागचे कारण इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत आहे. परमँगनेटमधल्या मँगनीजची ऑक्सिडीकरण स्थिती +७ असते, ती अभिक्रियेत +२ वर येते. त्यासाठी त्याला पाच इलेक्ट्रॉन हवे असतात. लोहाचा एक Fe²⁺ आयन मात्र एकच इलेक्ट्रॉन देऊ शकतो. एका मँगनीजची गरज भागवायला पाच लोह आयन लागतात ते यामुळे. चुकीच्या समीकरणात मँगनीजने पाच घेतले होते आणि लोहाने एकच दिला होता. मधले चार इलेक्ट्रॉन कुठून आले याचा हिशेब नव्हता, आणि प्रभारातले चारचे अंतर म्हणजे हेच चार इलेक्ट्रॉन.

मग सहज प्रश्न पडतो, की शाळेत इतकी समीकरणे संतुलित केली तेव्हा प्रभाराचा ताळा कुणी कसा मागितला नाही? याचे उत्तर हेच समीकरण पूर्ण सूत्रांनी लिहिले की मिळते. परमँगनेटसोबत पोटॅशियम असते, लोहासोबत सल्फेट असते आणि हायड्रोजन आयन सल्फ्युरिक आम्लातून येतात. विद्यार्थ्याची मूळ चूक तशीच ठेवून आणि सगळे दुप्पट करून लिहिले तर असे दिसेल:

2KMnO₄ + 2FeSO₄ + 8H₂SO₄ → K₂SO₄ + 2MnSO₄ + Fe₂(SO₄)₃ + 8H₂O

आता फक्त सल्फेट मोजावेत. डावीकडे २ आणि ८ मिळून १०. उजवीकडे १, २ आणि ३ मिळून ६. चार सल्फेट कमी पडले. प्रत्येक सल्फेटवर दोन ऋण प्रभार असतात, म्हणजे चारांवर आठ. आयनिक समीकरणात प्रभाराचे अंतर चार होते, ते दुप्पट केल्यावर आठच होते. चूक एकच आहे, फक्त इथे ती गंधकाच्या रूपाने उघडी पडली. पूर्ण सूत्रांच्या समीकरणात प्रत्येक पदार्थ उदासीन असल्याने प्रभाराचा हिशेब सल्फेटसारखे सोबती आयन आपोआप सांभाळतात. आयनिक समीकरण लिहिताना आपण याच आयनांना प्रेक्षक आयन म्हणून वगळतो, कारण अभिक्रियेत त्यांच्यात काही बदल होत नाही. ते वगळले की त्यांनी धरून ठेवलेला हिशेबही जातो. मग तो वेगळा मांडावा लागतो. लोहाच्या दहा क्षारांसह लिहिलेले बरोबर समीकरण असे:

2KMnO₄ + 10FeSO₄ + 8H₂SO₄ → K₂SO₄ + 2MnSO₄ + 5Fe₂(SO₄)₃ + 8H₂O

यात सल्फेट दोन्हीकडे १८ भरतात.

ही चूक कागदावर राहत नाही. परमँगनेटने लोह मोजण्याची पद्धत फ्रेंच रसायनतज्ज्ञ मार्गरीत यांनी १८४६ मध्ये मांडली. आजही कनिष्ठ महाविद्यालयात ती केली जाते आणि लोहासाठी मोहर सॉल्ट वापरले जाते, कारण साध्या फेरस सल्फेटपेक्षा ते हवेत अधिक टिकते. समजा, विद्यार्थ्याने ९.८ ग्रॅम मोहर सॉल्ट घेऊन २५० मिलीलिटर द्रावण केले. या क्षाराचे मोलर वस्तुमान ३९२ ग्रॅम, म्हणून द्रावण ०.१ मोलर झाले. त्यातले १० मिलीलिटर पिपेटने घेतले, आम्ल घातले आणि परमँगनेट सोडायला सुरुवात केली. बरोबर १० मिलीलिटरला फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली.

विद्यार्थ्याच्या समीकरणात परमँगनेट आणि लोह एकास एक आहेत. दोन्ही द्रावणांचे आकारमानही सारखेच, म्हणून परमँगनेटही ०.१ मोलर, म्हणजे लिटरमागे १५.८ ग्रॅम, असे उत्तर निघते. बरोबर समीकरणाने ते ०.०२ मोलर, म्हणजे लिटरमागे ३.१६ ग्रॅम येते. प्रयोगशाळेत द्रावण तयार करणाऱ्याने तागडीवर ३.१६ ग्रॅमच तोलले होते. ब्युरेटचे वाचन अचूक, पिपेट अचूक, रंगाची पारख अचूक, आणि तरी उत्तर पाचपट.

फ्लास्कमध्ये जांभळा रंग विरण्याऐवजी तपकिरी गढूळपणा दिसला तर मात्र समीकरण लिहून बघण्याआधी आम्ल तपासावे. आठ हायड्रोजन आयन ही या अभिक्रियेची खरी गरज आहे. ते कमी पडले तर मँगनीज +२ पर्यंत न जाता मँगनीज डायऑक्साइडवर थांबते आणि पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेते. तेव्हा एकास पाच हे प्रमाण त्या फ्लास्कला लागू राहत नाही.

आता अणू आणि प्रभार दोन्ही जुळले, की समीकरण बरोबर असे म्हणता येईल का? बहुतेक वेळा येते, पण नेहमी नाही. परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे हे समीकरण पाहा:

2MnO₄⁻ + 3H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 4O₂ + 6H₂O

मँगनीज २ आणि २. हायड्रोजन १२ आणि १२. ऑक्सिजन १४ आणि १४. प्रभार डावीकडे −२ आणि +६ मिळून +४, उजवीकडेही +४. एकही ताळा चुकत नाही. पण पुस्तकातले समीकरण वेगळे आहे:

2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5O₂ + 8H₂O

इथेही सगळे जुळते. दोन्हींमधला फरक काढला तर दोन पेरॉक्साइडांपासून दोन पाणी आणि एक ऑक्सिजन उरतो. पेरॉक्साइडचे आपोआप होणारे विघटन ते हेच, आणि ते स्वतःच संतुलित आहे. म्हणून ते कितीही वेळा मिळवले किंवा वजा केले, तरी अणूंचा आणि प्रभाराचा ताळा बिघडत नाही.

अशा वेळी तपासणाऱ्याने विचारायचे ते इलेक्ट्रॉन कुणी दिले हे. दोन मँगनीजना दहा इलेक्ट्रॉन हवेत. पेरॉक्साइडचा एक रेणू ऑक्सिजन वायू होताना दोन देतो. तिघांनी मिळून दिले सहा. उरलेले चार मिळवायला चौथा ऑक्सिजन रेणू परमँगनेटच्या किंवा पाण्याच्या ऑक्सिजनमधून घडला असे मानावे लागते. ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक वापरून केलेल्या प्रयोगांत मात्र बाहेर येणारा ऑक्सिजन पेरॉक्साइडमधलाच असल्याचे दिसले आहे.

एवढी साधने नसतील तर ब्युरेटही पुरते. ०.०५ मोलर पेरॉक्साइडचे १० मिलीलिटर फ्लास्कमध्ये घेतले, तर पहिल्या समीकरणानुसार ०.०२ मोलर परमँगनेट सुमारे १६.७ मिलीलिटर लागायला हवे. दुसऱ्यानुसार १० मिलीलिटर. पुरेसे आम्ल घालून थेंब थेंब सोडले, की गुलाबी छटा १० मिलीलिटरच्या खुणेपाशी टिकते.