आठ गोल, दहा बाण

साइटवरच्या कामाचा आराखडा हल्ली बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून येतो. वहीच्या जोडपानावर पेनाने काढलेले गोल, त्यांना जोडणारे बाण, बाणावर कामाचे नाव आणि शेजारी दिवसांचा आकडा. मधोमध पानाची घडी, एका कोपऱ्यावर फोनची सावली. घरमालकाला त्यातून दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: काम एकूण किती दिवसांत संपेल, आणि कुठल्या कामाला थोडा उशीर झाला तरी चालेल. पहिल्याचे उत्तर देतो तो क्रिटिकल पाथ, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सर्वांत लांब साखळी. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे स्लॅक, म्हणजे एखाद्या कामाला असलेली सवड.

ही रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत घडली. ड्यूपॉन्ट कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधले जेम्स केली यांनी ती संगणकासाठी मांडली होती, पण छोट्या कामाचा हिशेब कागदावर सहज होतो. अडचण हिशेबात नाही. फोटोत काय काढले आहे ते बरोबर वाचण्यात आहे.

एका जुन्या घराच्या डागडुजीचा आराखडा घेऊ. पेन्सिल घेऊन सोबत काढलात तर पुढचे सगळे डोळ्यांसमोर राहील. खरी यादी याहून मोठी असते, मी ती आटोपशीर केली आहे. आठ गोल आहेत, १ ते ८. गोल म्हणजे टप्पा, आणि बाण म्हणजे काम. १ पासून २ पर्यंत तोडफोड, ४ दिवस. २ पासून ३ पर्यंत नळाचे पाईप, ५ दिवस. २ पासून ४ पर्यंत भिंतीला झिऱ्या मारून विजेचे पाईप, ३ दिवस. ३ पासून ५ पर्यंत बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून बघण्यासकट ६ दिवस. ५ पासून ७ पर्यंत बाथरूमच्या टाइल्स, ४ दिवस. ४ पासून ६ पर्यंत प्लास्टर, पाणी मारण्याचे दिवस धरून ९. दारे-खिडक्या कारखान्यातून करून घ्यायच्या आहेत, तो लांबलचक बाण १ पासून थेट ६ पर्यंत जातो, १४ दिवस. ६ पासून ७ पर्यंत त्या बसवणे, ३ दिवस. ७ पासून ८ पर्यंत रंग, ६ दिवस.

ही नऊ कामे झाली. दहावा बाण ३ पासून ४ कडे जाणारा, तुटक रेघेचा. त्यावर नाव नाही, आकडाही नाही. त्याला डमी म्हणतात. त्यात काम काहीच नाही, दिवस शून्य, पण तो एक अट सांगतो: विजेचे पाईप झाले म्हणून प्लास्टर सुरू करता येणार नाही, नळाचे पाईपही झालेले हवेत. वॉटरप्रूफिंगला मात्र फक्त नळाचे पाईप झालेले लागतात, विजेच्या पाईपांशी त्याचा संबंध नाही. म्हणून ३ आणि ४ हे एकच गोल करून चालत नाही, ते वेगळे ठेवून मध्ये तुटक रेघ ओढावी लागते.

फोटोवरून थेट हिशेबाला बसू नये. आधी तक्ता करावा: कुठून, कुठे, काय, किती दिवस. मग तक्त्यातल्या ओळी आणि फोटोतले बाण वेगवेगळे मोजावेत. इथे दोन्ही दहा भरायला हवेत. १ सोडून प्रत्येक गोलात किमान एक बाण शिरला पाहिजे आणि ८ सोडून प्रत्येकातून किमान एक बाहेर पडला पाहिजे. ५ मधून काही बाहेर पडतच नसेल, तर टाइल्सचा बाण घडीत गेला आहे असे समजावे.

आता पुढचा फेरा. १ वर शून्य लिहायचा आणि बाणाच्या दिशेने बेरीज करत जायचे. जिथे दोन बाण येऊन मिळतात तिथे मोठा आकडा घ्यायचा, कारण उशिरा येणाऱ्यासाठी थांबावेच लागते. २ वर ४ येतात, ३ वर ९. गोल ४ मध्ये विजेच्या बाजूने ७ येतात आणि तुटक रेघेने ९, म्हणून ९. ५ वर १५. ६ मध्ये कारखान्याकडून १४ आणि प्लास्टरकडून १८, म्हणून १८. ७ मध्ये दारे-खिडक्यांकडून २१, टाइल्सकडून १९, म्हणून २१. ८ वर २७. म्हणजे काम २७ दिवसांचे आहे.

मग उलटा फेरा. ८ वर २७ ठेवून मागे वजाबाकी करत यायचे. प्रत्येक गोलाशी प्रश्न एकच: शेवट न लांबवता हा टप्पा जास्तीत जास्त किती लांबू शकतो? जिथून दोन बाण फुटतात तिथे लहान आकडा घ्यायचा. ७ वर २१, ६ वर १८, ५ वर १७, ४ वर ९. ३ वर तुटक रेघ ९ सांगते आणि वॉटरप्रूफिंग ११, म्हणून ९. २ वर ४ आणि १ वर शून्य. हा शेवटचा शून्य यायलाच हवा, नाही आला तर बेरीज-वजाबाकीत कुठेतरी गडबड आहे.

सवड काढायला बाणाच्या टोकाच्या गोलाचा उशिराचा आकडा घ्यायचा, त्यातून शेपटाच्या गोलाचा लवकरचा आकडा आणि कामाचे दिवस वजा करायचे. दारे-खिडक्या करून घेण्याला १८ वजा ० वजा १४, म्हणजे ४ दिवस सवड. विजेच्या पाईपांना २, वॉटरप्रूफिंगला २, टाइल्सना २. बाकी सगळ्यांची शून्य. तोडफोड, नळाचे पाईप, तुटक रेघ, प्लास्टर, दारे-खिडक्या बसवणे, रंग, हा झाला क्रिटिकल पाथ. यातला कुठलाही दिवस घसरला की शेवट तितकाच घसरतो.

तुटक रेघ या साखळीच्या ऐन मध्ये आहे, आणि फोटोत सर्वांत आधी तीच हरवते. पेनचे ठिपके फिके असतात, फोन चित्र लहान करून पाठवतो, वर पानाची घडी. ती नजरेतून सुटली तर गोल ४ वर ७ येतात, ६ वर १६, ७ वर दोन्ही बाजूंनी १९ आणि शेवटी २५. उलट्या फेऱ्यात १ वर शून्य व्यवस्थित येतो. तो शून्य हिशेब तपासतो, वाचन तपासत नाही, हे फार पक्के लक्षात ठेवायला हवे. प्रत्यक्षात त्या तक्त्याप्रमाणे गवंडी सातवा दिवस संपताच प्लास्टरला हात घालील आणि प्लंबर अजून दोन दिवस त्याच भिंती फोडत असेल.

रेघ दिसली पण टोक कळले नाही, तरी तेच होते. ती ४ कडून ३ कडे वाचली तर पुन्हा २५ येतात. इथे गोलांचे क्रमांक मदतीला येतात. रिवाज असा की बाण नेहमी लहान क्रमांकाकडून मोठ्याकडे जावा. क्रमांक नीट दिले असतील तर टोक न दिसताही दिशा ३ कडून ४ कडे ठरवता येते. काही जण मात्र गोलांना क्रमांक सुचेल तसे देतात, तेव्हा कामाचा अर्थच विचारावा लागतो: कशासाठी कशाची वाट बघायची आहे?

आकड्यांचा घोळ निराळा. आपल्याकडे एकाच कागदावर देवनागरी आणि इंग्रजी आकडे सर्रास मिसळतात. देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी चार इंग्रजी आठसारखा, आणि इंग्रजी चारचे डोके मिटले की त्याचाच नऊ होतो. प्लास्टरचा नऊ एक म्हणून वाचला गेला तर काय होईल? आठ दिवस कमी झाले म्हणून शेवट १९ वर येत नाही. तो २५ वर थांबतो, कारण तोडफोड, नळ, वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि रंग ही साखळी २५ दिवसांची आहे आणि आता तीच सर्वांत लांब ठरते. आठ दिवसांची चूक उत्तरात दोनच दिवसांची दिसते, म्हणून तिचा संशयही येत नाही. एका दिवसात घरभर प्लास्टर होऊन पाणीही मारून होत नाही, हे कामाचे ज्ञानच इथे उपयोगी पडते.

सगळे शंकास्पद आकडे सारखे महत्त्वाचे नसतात, आणि कुठला आधी विचारायचा हे स्लॅकच सांगतो. कारखान्याचा आकडा १४ की १९ हे स्पष्ट नाही असे धरा. फरक ५ दिवसांचा, सवड ४ ची. म्हणजे १९ खरे असतील तर काम २८ दिवसांवर जाते आणि क्रिटिकल पाथ प्लास्टर सोडून कारखान्याच्या बाणावर उडी मारतो. हा फोन लगेच करायला हवा. तोच आकडा १४ की १६ असा असता, तर २७ दिवस बदलले नसते, फक्त कारखान्याची सवड ४ वरून २ वर आली असती. शून्य सवडीच्या कामांवरचा प्रत्येक अस्पष्ट आकडा मात्र विचारूनच घ्यावा.

सवड वाचताना एक चूक हमखास होते. वॉटरप्रूफिंगला २ आणि टाइल्सना २ असे दिसले की बाथरूमला चार दिवसांची सवड आहे असे वाटते. ती एकच जोडी आहे, दोघांत मिळून. वॉटरप्रूफिंगवाल्याने दोन दिवस घेतले की टाइल्सवाल्याकडे काही उरत नाही. विजेच्या पाईपांचे दोन दिवस मात्र त्यांचे स्वतःचे आहेत, ते खर्च झाले तरी पुढच्या कुणाचे काही अडत नाही.

आणि बाणांच्या चित्रात माणसे नसतात. तक्त्याप्रमाणे प्लास्टर ९ पासून १८ पर्यंत चालते आणि टाइल्स १५ ला सुरू होतात. दोन्हीसाठी गवंडी एकच असेल तर टाइल्सना १८ पर्यंत थांबावे लागेल. त्या २२ ला संपतील, आणि ७ चा टप्पा २१ ऐवजी २२ ला येईल. रंग संपायला २८ दिवस लागतील. टाइल्सची दोन दिवसांची सवड कुणी उशीर न करताच संपली. तेव्हा तक्त्यात पाचवा रकाना ठेवावा, काम कोण करणार आहे त्याचा. फोटोत तो बहुधा नसतो. आराखडा काढणाऱ्याला तो विचारून घ्यावा, आणि एकाच माणसाची दोन कामे एकमेकांवर येत असतील तिथे आणखी एक तुटक बाण जोडून दोन्ही फेरे पुन्हा मारावेत.