नागपूरहून निघालेली पेटी

विदर्भातला 20 टन तांदूळ परदेशी पाठवायचा आहे असे समजू. 50 किलोची 400 पोती झाली. पूर्वी ही पोती ट्रकमध्ये, मग वाघिणीत, मग गुदामात आणि शेवटी जहाजाच्या पोटात रचावी लागत. म्हणजे 1600 वेळा उचलाउचल! तोवर जहाज धक्क्याला खोळंबून राही आणि त्याचा खर्च चालूच असे.

1956 साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ जहाजावर 58 बंद पेट्या चढवल्या. सुटा माल चढवायला टनामागे 5.86 डॉलर लागत. येथे 16 सेंटच पुरले.

खरी करामत पेटीच्या कोपऱ्यांत आहे. आठही कोपऱ्यांना भोके असलेले पोलादी ठोकळे असतात. क्रेनच्या चौकटीच्या चार खिट्या वरच्या भोकांत शिरून पाव फेरा फिरतात, की पेटी अडकली! पेट्या एकमेकींवर रचल्या, की वरचे वजन छपरावर न येता कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरते. म्हणूनच ठोकळ्यांमधली अंतरे जगभर सारखी हवीत. क्रेन कोणत्याही देशाची असो.

नागपूरला अजनी येथे कंटेनर आगार झाले, तेव्हा बंदराचे अर्धे काम इथेच होऊ लागले. पोती एकदाच पेटीत रचायची, सीमाशुल्क खात्याची मोहोर लावायची आणि पेटी आगगाडीने न्हावाशेवा बंदराकडे (सुरुवात 1989) धाडायची. तेथे क्रेन ती काही मिनिटांत जहाजावर ठेवते.

मात्र पोती एकाच टोकाला रचली, तर गुरुत्वमध्य सरकतो आणि उचलताच पेटी कलते. मोहोर लागलेली असल्याने आतली चूक बाहेरून दिसत नाही. ती कळते पेटी अधांतरी असताना.