लेखांक ५ : एकही तक्रार नसलेले कार्यालय

पवनी तालुक्यात वैनगंगेवर असलेल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा होता, पुढे तो कित्येक पटींनी वाढला. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या किमती २००९ मध्ये ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्या. २०१२ मध्ये सेवेतल्याच एका मुख्य अभियंत्याने, विजय पांढरे यांनी, सिंचनकामांबद्दल थेट राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. दोष कुणाचा, हे न्यायालयाने ठरवावे. पण इतक्या वरच्या अधिकाऱ्यालाही खात्याबाहेर दाद मागावी लागत असेल, तर कालव्यावरच्या कनिष्ठ अभियंत्याला ‘सही करणार नाही’ म्हणायची कितपत मुभा असते, हे तपासनीसाने शोधायचे असते.

समजा, असे एक कालवा उपविभाग कार्यालय तपासायचे आहे. ‘वरिष्ठ प्रामाणिक आहेत का?’ असे प्रश्नावलीत विचारले, तर सगळे ‘होय’ म्हणतील. त्याऐवजी विचारावे : गेल्या वर्षभरात नियमाबाहेरचे काही पाहिलेत का, ते सांगितलेत का, नसेल तर का नाही? फॉर्म साहेबांच्या शिपायाने गोळा करायचे नाहीत, आणि दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे काढायचे नाहीत. नाहीतर कुणी काय लिहिले ते चहाच्या वेळेपर्यंत सर्वांना कळते. मग अधिकारी आणि कनिष्ठ यांच्या उत्तरांतली तफावत पाहावी. वर सगळे निर्धास्त आणि खाली बरेचजण ‘पाहिले, पण बोललो नाही’ म्हणत असतील, तर सरासरी काढूच नये. ती नेमकी हीच दरी बुजवते.

आता दप्तर. काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी फोडून ताकद मोजतात. एम-२० काँक्रीटमध्ये चांगल्या देखरेखीखालीही निकाल बरेच वरखाली होतात. प्रमाणित विचलन ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास धरतात. इथे मात्र वर्षभराचे सगळे निकाल २०.५ ते २२ मध्येच बसलेत. काँक्रीट इतके आज्ञाधारक नसते! त्यातच माप पुस्तिकेतल्या बहुतेक नोंदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या आणि तक्रार नोंदवही कोरी. तरीही एवढ्यावर गैरव्यवहार सिद्ध होत नाही. निधी उशिरा आला, म्हणूनही मार्चमध्ये घाई झालेली असू शकते.

म्हणून मुलाखत एकेकट्याची आणि कार्यालयाबाहेर घ्यावी. ‘इथले वातावरण कसे आहे?’ हा प्रश्न वाया जातो. ‘शेवटचे बिल कुणी, कधी अडवले? साहेब काय म्हणाले? पुढे काय झाले?’ असे विचारले की माणूस प्रसंग सांगू लागतो. दोघांनी वेगवेगळे बसून एकच प्रसंग सांगितला, तर त्यातली तारीख लिहून घ्यावी आणि बदल्यांच्या आदेशांची फाइल मागवावी. बिल अडवणाऱ्याची बदली त्यानंतर महिन्याभरात झाली आणि त्याच्याबरोबरच्या इतरांची मुदत संपूनही झाली नाही, असे दोन-तीनदा दिसले, तर कोऱ्या तक्रारवहीचे कारण त्याच फाइलमध्ये असते.