‘होटगी’ आधी, ‘स्वागत’ नंतर

होटगी जंक्शनवरून एक लोहमार्ग वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरकडे. समजा, या दुसऱ्या मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा देणाऱ्या वेबपानाचं शीर्षक असं आहे: ‘सर्व प्रवासी बांधवांचे मनःपूर्वक स्वागत, रेल्वेविषयी उपयुक्त माहिती: होटगी ते विजयपूर गाड्यांच्या वेळा’. गूगलच्या निकालांत संगणकावर शीर्षकाला साधारण एकच ओळ मिळते. जागा संपली की तीन टिंबं येतात, आणि इथे ती ‘होटगी’च्या आधीच येण्याची शक्यता मोठी. फोनचा पडदा अरुंद, तरी तिथे शीर्षक बहुधा दुसऱ्या ओळीत उतरतं, म्हणून जास्त दिसतं. खालचं वर्णन मात्र फोनवर अनेकदा लवकर तुटतं.

ही मर्यादा अक्षरसंख्येची नसून रुंदीची आहे. देवनागरीत ‘क्ष’ जास्त जागा खातो, ‘र’ कमी, आणि वरखालच्या मात्रा रुंदी जवळपास वाढवत नाहीत. त्यामुळे अक्षरं मोजण्यापेक्षा दोन्ही पडद्यांवर शोधून पाहणंच खरं.

माझ्या मते शीर्षक असं हवं: ‘होटगी ते विजयपूर गाड्यांच्या वेळा: प्रवाशांसाठी माहिती’. टिंबं कुठेही आली तरी प्रवाशाला हवं ते आधीच वाचून होतं. गूगल कधीकधी शीर्षक स्वतःच बदलतं, म्हणून पानावरच्या मोठ्या मथळ्यातही हेच शब्द आधी ठेवावेत.