तीळ ठेवायचा की पुसायचा?

फोटो रिटच करताना साधा नियम असा: पंधरा दिवसांत आपोआप जाणारी पुटकुळी खुशाल पुसावी, जन्माचा तीळ मात्र विचारल्याशिवाय पुसू नये. ओठावरचा ठळक तीळ गेला, तर घरच्यांनाही चेहरा परका वाटतो.

समजा, बाजूने पडलेल्या प्रकाशामुळे नवरीच्या गालावरच्या उंच तिळाची सावली पडून तो मोठा दिसतोय. मग वेगळ्या लेयरवर हीलिंग ब्रशने तो पुसावा आणि त्या लेयरची ओपॅसिटी निम्म्यावर आणावी. तीळ फिकट होतो, पण जागेवर राहतो. तपकिरी ठिपकेही असेच सौम्य करावेत. सरसकट पुसले, तर त्वचा प्लास्टिकसारखी दिसते.

पासपोर्टच्या फोटोत तिळाला हातही लावू नये; तिथे फोटो ओळख पटवण्यासाठीच असतो.